सांबऱ्याचं उदाहरण

ब्राह्मी आमच्या वरच्या मजल्यावर राहते. खासबागेत आमचं घर आहे, खाली आम्ही, वर ती आणि तिचा नवरा श्रेयांस. माहेर तिचं निपाणीजवळचं, शेतीवाडीचं जैन घर. वडील आप्पाण्णा गावातल्या मंदिराची व्यवस्था बघणारे. बी.ए. झाली आणि लगेच लग्न झालं, मग मुलगी, सासूबाईंचं आजारपण, श्रेयांसचं पंप-मोटारींचं दुकान, असं करत करत वर्षं गेली. मुलगी हायस्कुलात गेल्यावर एक दिवस ती कढईतली शेव काढता काढता म्हणाली, "वैनी, मी बी.एड.ला अर्ज भरला." श्रेयांस मागून ओरडला, "घरात मास्तरीण हायच की, आता कागद तेवढा आणायचा."

तर अशी ती पस्तिशी उलटलेली बाई विशीबाविशीच्या पोरापोरींच्या वर्गात जाऊन बसली. पहिल्या आठवड्यात पोरं तिला मॅडम म्हणायची. महिन्याभरात आक्का झाली. आणि तिमाही व्हायच्या आत 'नोट्सवाल्या आक्का'.

त्याचं असं झालं. कॉलेजात शिकवणं सगळं पडद्यावर. सर स्लाइड दाखवतात, अर्धं इंग्रजीत, अर्धं कन्नडमध्ये समजावतात आणि पुढं जातात. फाइल काही पोरांना देत नाहीत, दिली तर वर्गात कोण येणार म्हणतात. मग सगळी पोरं मोबाइल वर करून फोटो काढतात. फोटो काढले की अभ्यास झाला, असं समाधान. ते फोटो मग फोनमध्ये लग्नाच्या, सहलीच्या आणि कुणाच्या तरी म्हशीच्या फोटोंमध्ये मिसळून जातात, आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात "कुणाकडं हाय का रं ते शिक्षण-मानसशास्त्राचं?" अशी हाकाटी सुरू होते.

ब्राह्मीला हे बघवेना. तिनं आपल्यापुरतं सुरू केलं. दुपारी भांडी झाली की जेवणाच्या टेबलावर फोन टेकवून बसायची. मी कितीदा समोर बसून वाटाणे सोललेत, म्हणून मला सगळं ठाऊक. आधी फोटो वेळेप्रमाणे लावायचे. वाकडा आलेला सरळ करायचा, पुढच्या बाकावरच्या पोराचं डोकं कापायचं. एकच स्लाइड दोनदा आली असेल तर अंधूक असलेली काढून टाकायची. फोनमध्ये फोटोतली अक्षरं आपोआप उचलायची सोय आहे, पण तिच्यावर ती विसंबायची नाही, कारण खिडकीचा उजेड पडद्यावर पडला की फोन काहीच्या बाही वाचतो. ती स्वतः वाचायची. मग स्लाइडवरची सजावट, तेच तेच मुद्दे, बाणांचे पसारे सगळं बाजूला सारून एका संकल्पनेला अर्धं पान. वर इंग्रजी शब्द जसाच्या तसा, कारण पेपरात तोच येणार. खाली व्याख्या, दोन ओळीत. त्याखाली मराठीत अर्थ. आणि शेवटी एक उदाहरण. स्लाइड कापली गेली असेल तिथं पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह, आणि दुसऱ्या दिवशी सरांना विचारून ते पुसणार.

उदाहरणं ही तिची खासियत. स्लाइडवर असायचं, 'एक विद्यार्थी'. ती म्हणायची, "असल्या विद्यार्थ्याला तोंड न्हाय, नाव न्हाय, डोस्क्यात कसा राहणार?" मग ती वर्गातल्याच पोरांची गावं घालायची. अनगोळचा रवळू सायकल शिकला, पडला, परत चढला. खानापूरच्या महादेवनं पाढे गाण्यात बसवून पाठ केले. पोरं हसायची, एकमेकांना चिडवायची, आणि व्याख्या त्यांच्या लक्षात राहायची. फोटो काढून ती पानं वर्गाच्या ग्रुपवर टाकली की खाली अंगठ्यांची रांग लागायची. सौम्या नावाची सांबऱ्याची मुलगी तर लिहायची, "आक्का, तुम्ही नसतासा तर आमी मेलो असतो."

सौम्या तिच्याच बाकावर बसणारी. वडील विमानतळाच्या बाजूला शेती करतात, घरातली पहिलीच कॉलेजात आलेली. अबोल, पण फोटो काढण्यात पटाईत. तिसऱ्या बाकावरून असा फोटो काढायची की अक्षर न् अक्षर दिसावं.

श्रावणात आप्पाण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. ब्राह्मी निपाणीला गेली. तेवढ्यात वर्गात प्रबलनाचा धडा झाला. प्रबलन म्हणजे रिइन्फोर्समेंट. सौम्यानं सगळे फोटो पाठवले, आणि ग्रुपवर मागणी सुरू झाली, आक्का, पानं कधी? चाचणी जवळ आली होती. दवाखान्याच्या बाकावर बसून, वडिलांच्या डोळ्यात औषध घालायच्या मधल्या वेळात, तिनं फोनवरच फोटो चाळले, वहीच्या कागदावर पानं लिहिली आणि ग्रुपवर टाकून दिली. पोरांनी देव पावल्यासारखे अंगठे लावले.

चाचणी झाली. पेपर तपासून आले तो दिवस तिनं मला नंतर सांगितला, तोही तुकड्यातुकड्यानं.

नागेंद्र सर पेपरांचा गठ्ठा घेऊन आले आणि तो त्यांनी टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "निगेटिव्ह रिइन्फोर्समेंटचं उदाहरण विचारलं होतं. चूक होते, ते मी समजू शकतो. पण सगळ्या वर्गाची एकच चूक, एकाच शब्दांत?" आणि त्यांनी वाचून दाखवलं. सांबऱ्याच्या शाळेत शामूनं गृहपाठ आणला नाही. बाईंनी त्याला फळ्यापाशी उभं केलं. हे ऋण प्रबलन.

दुसरा पेपर. सांबऱ्याच्या शाळेत शामूनं. तिसरा पेपर. सांबऱ्याच्या शाळेत.

मागून कुणीतरी हसलं. सर भडकले. "हा शामू, हा सांबरा माझ्या स्लाइडवर नाही. हे एकाचं बघून सगळ्यांनी उतरवलंय. सांबऱ्याचं कोण आहे वर्गात?"

सौम्या उठून उभी राहिली.

"तुझा पेपर कुणाकुणाला दाखवलास?"

"न्हाय सर."

"मग आकाशातून पडलं उदाहरण?"

सौम्यानं आक्काचं नाव घेतलं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं उदाहरण कुठून आलं ते, आणि कुणीही ब्राह्मीकडं बघितलं नाही. "वैनी, एकानं तरी बघितलं असतं तर मी उठले असते," ती मला म्हणाली. मग लगेच म्हणाली, "न्हाय. खोटं कशाला बोलू. तरी उठले नसते."

सरांनी सौम्याला पुढं बोलावलं आणि तास संपेपर्यंत फळ्यापाशी उभं केलं. ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली. तिची जागा ब्राह्मीच्या शेजारी रिकामी. ब्राह्मी समोरच्या बाकाच्या पाठीवर कुणीतरी कोरलेलं बदामाचं चित्र बघत बसली.

त्या दिवशी ती घरी आली ती सरळ आमच्याकडं. मी चहा टाकला. ती रागात होती, आणि तिचा राग सरांवर होता. "स्लाइडवर जे होतं तेच मी लिहिलं. नाव तेवढं माझं. आणि म्हणे माझ्या स्लाइडवर न्हाय!" मला त्या विषयातलं काही कळत नाही. मी बी.ए. झाले ते इतिहासात. म्हणून मी आपलं विचारलं, "ते ऋण का काय म्हणतेस, म्हणजे काय गं?"

तिनं पाठ असल्यासारखी व्याख्या म्हटली. "एखादी नकोशी गोष्ट काढून घेतली, आणि त्यामुळं माणूस तसंच वागणं पुन्हा पुन्हा करायला लागला, तर ते ऋण प्रबलन. प्रबलनानं वागणं वाढतं. शिक्षेनं कमी होतं."

"बरं. मग त्या शामूचं काढून काय घेतलं?"

ती कपबशी हातात धरून तशीच थांबली. मी आपलं सहज विचारलं होतं. पण तिचा चेहरा असा उतरला की मला वाटलं चहा ओठाला पोळला.

"काढून काय घेतलं न्हाय," ती सावकाश म्हणाली. "उलट दिलं. उभं राहायची लाज दिली. न आणण्याची सवय मोडावी म्हणून दिली. ही तर शिक्षा झाली."

तिनं फोन काढला. स्वतःच्या फोनमध्ये त्या स्लाइडचा फोटो एकच होता. मग ती सौम्याच्या जुन्या निरोपांकडं गेली. तिथं दोन होते. एकसारखे दिसणारे, एकामागोमाग पाठवलेले. ब्राह्मीनं दवाखान्यात लहान चित्रात दोन्ही बघितले होते, एकच स्लाइड दोनदा आली असं समजून दुसरा काढून टाकला होता. आता तिनं तो मोठा केला.

नागेंद्र सरांची एक खोड आहे. ते आधी चुकीचं उदाहरण दाखवतात, "बरोबर?" असं विचारतात, पोरं "व्हय सर" म्हणाली की बटण दाबतात, आणि त्या उदाहरणावर लाल फुली येते. खाली एक ओळ उमटते. वर्गात बसलेल्याला हे कळतं. फोटो बघणाऱ्याला नाही. दुसऱ्या फोटोत ती फुली होती. खिडकीच्या उजेडात लालचा फिका गुलाबी झालेला, जुन्या डागासारखा. खाली बारीक अक्षरात, ही शिक्षा आहे, ऋण प्रबलन नाही. आणि त्याच्याखाली खरं उदाहरण. वर्गात सगळी गणितं पूर्ण केलेल्या मुलांना घरच्या अभ्यासातून सूट. सूट मिळते म्हणून मुलं वर्गात जास्त गणितं करू लागतात.

पहिल्या फोटोत गृहपाठ न आणलेला 'एक विद्यार्थी' होता. त्याला शामू केलं ब्राह्मीनं. सांबऱ्याला नेलं ब्राह्मीनं.

"एरवी मी उदाहरण लिहिलं की वरच्या व्याख्येशी लावून बघते," ती म्हणाली. "तुम्ही बघितलंय न्हवं? त्या दिवशी बघितलं न्हाय. सरांचंच हाय म्हटलं, बरोबरच असणार."

मी म्हटलं, "मग उद्या सांगून टाक की."

"सांगते," ती म्हणाली. चहा तसाच ठेवून वर गेली.

दुसऱ्या दिवशी तिनं सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. सौम्या मागच्या बाकावर जाऊन बसायला लागली होती. ब्राह्मी रोज ठरवून जायची आणि रोज परत यायची, आणि जिन्यावर माझी गाठ पडली की मी विचारायच्या आत म्हणायची, "आज सर घाईत होते." एकदा म्हणाली, "आज वर्गात बाहेरचे पाहुणे होते." पण तिची नजर माझ्या पायाकडं असायची. श्रेयांसला काहीच माहीत नव्हतं. तो दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांना सांगायचा, आमच्या मिसेसच्या नोट्सवर आख्खा वर्ग पास होतो. हे तो वर येऊन तिला कौतुकानं सांगायचा, आणि ती कणकेत पाणी जास्त घालायची.

नव्या धड्याची पानं मागणारे निरोप येत होते. तिनं एकही पान टाकलं नाही.

मग जैनांचं दहा दिवसांचं दशलक्षण पर्व आलं. तिचे उपास, मंदिर, स्वाध्याय चालू झाले. पर्वाच्या शेवटी त्यांच्यात क्षमावाणी असते. वर्षभरात कळत नकळत जे दुखावले गेले त्यांची हात जोडून क्षमा मागायची. आमच्याकडंही ती दर वर्षी येते, "वैनी, उत्तम क्षमा," म्हणते, आणि मी दर वर्षी म्हणते, "तू काय केलंयस गं माझं?" पूर्वी घरोघर जायचे, आता बरंचसं फोनवरच होतं. श्रेयांसकडं हात जोडल्याचं, कमळाचं चित्र तयार असतं. ते तो सगळ्यांना एका दमात पाठवतो. पंप विकत घेतलेल्या गिऱ्हाइकांनासुद्धा.

त्या सकाळी मी प्रसादाचं ताट परत द्यायला वर गेले होते. श्रेयांस सोफ्यावर बसून पाठवापाठवी करत होता. म्हणाला, "ब्राह्मी, तुझ्या कॉलेजच्या ग्रुपवर टाकलीस का क्षमा? टाक की. पोरांना बरं वाटंल."

ती खिडकीशी उभी होती. तिच्या फोनवर ते चित्र उघडलेलं होतं, वर्गाचा ग्रुप निवडलेला होता, नुसतं बोट लावायचं राहिलं होतं. मला दिसत होतं. कळत नकळत माझ्याकडून काही चूक झाली असल्यास. सगळ्यांसाठी तेच वाक्य.

"हे पाठवलं तर," ती श्रेयांसला नाही, मला म्हणाली, "सौम्या हात जोडल्याचं उत्तर पाठवंल. तिला पाठवावंच लागंल. आणि झालं मग. मिटलं."

श्रेयांसनं मान वर केली. "काय मिटलं? सौम्या कोण?"

तिनं तेव्हा त्याला सांगितलं. उभ्या उभ्या, सगळं. फुलीसकट. शेवटी म्हणाली, "आणि ती पोरगी माझ्यासाठी उभी राहिली, तर मी बाकावर बदाम बघत बसले." श्रेयांस गिऱ्हाइकांना काय काय सांगत होता ते त्याला आठवलं असावं. तो म्हणाला, "अगं पर मला सांगायचं तरी," आणि त्यानं फोन खाली ठेवला. ताट माझ्याच हातात राहिलं. अशा वेळी घरात तिसऱ्या माणसानं कुठं बघावं कळत नाही. मी कमळाच्या चित्राकडं बघत होते.

तिनं ते चित्र पुसून टाकलं आणि साडी बदलायला आत गेली.

पुढचं सौम्यानंच मला सांगितलं, कितीतरी दिवसांनी, एकदा ती आमच्या जिन्यावर बसली होती तेव्हा. ब्राह्मी वर्गात आली, नागेंद्र सर आल्यावर उठली आणि आपणहून फळ्यापाशी जाऊन उभी राहिली. वर्गाला वाटलं सरावाचा पाठ घेणार. सर म्हणाले, "काय हो ब्राह्मी?"

"सर, ते सांबऱ्याचं उदाहरण माझं आहे. सौम्याचा पेपर कुणी बघितला नाही. मी तासाला नव्हते. तुमच्या फुलीचा फोटो मी काढून टाकला, आणि चुकीचं उदाहरण पान करून सगळ्यांना दिलं. सांबरा मीच घातला. तुम्ही विचारलं तेव्हा मी बसून राहिले."

एवढंच म्हणाली. नकळत झालं, घाईत झालं, वडील दवाखान्यात होते, यातलं काही म्हणाली नाही.

सरांनी तिच्याकडं आणि मग मागच्या बाकाकडं बघितलं. ज्या शिक्षेवर त्यांनी स्वतःच्या हातानं फुली मारली होती, तीच त्यांनी सौम्याला दिली होती. हे त्यांच्या लक्षात आलं असणार, कारण त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ते कन्नडमध्ये म्हणाले, "कूतकोळ्ळी." बसा. मग मागं बघून सौम्यालाही तेच म्हणाले, आणि ती तर बसलेलीच होती.

सुटल्यावर ब्राह्मी फाटकापाशी थांबली. सौम्या सायकल घेऊन आली. ब्राह्मीनं हात जोडले. सौम्याच म्हणाली, "आक्का, मला आठवत हुतं."

"काय?"

"सरांनी फुली मारल्याली. मी फोटो काढला न्हवं दोन्ही. पेपर लिवताना आठवलं बी. पर तुम्ही लिवल्यालं बघितलं, आनी म्हटलं आक्का चुकत न्हाईत, मलाच काय तर कळलं न्हाय. म्हणून तुमचंच लिवलं."

"वैनी," ब्राह्मी मला म्हणाली, "सरांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं पोटातलं सांगितलं आणि सायकलवर बसून गेली. मला रिक्षासुद्धा सापडंना."

त्या संध्याकाळी तिनं ते पान नव्यानं लिहिलं. मी समोर होते. व्याख्या तीच ठेवली. ऋण प्रबलनाखाली गणितांची सूट. शेजारी शिक्षेची व्याख्या, आणि उदाहरणाच्या जागी बराच वेळ पेन तसंच धरून बसली. मग लिहिलं, खासबागेच्या ब्राह्मीनं चूक केली, बाईंनी तिला फळ्यापाशी उभं केलं. ते पुसलं. तिला कुणी उभं केलंच नव्हतं. शेवटी लिहिलं ते साधं. खासबागेच्या शाळेत एका मुलीला, तिची चूक नसताना, सगळ्यांपुढं उभं केलं. ती त्यानंतर बोलायची कमी झाली. ही शिक्षा. शिक्षेनं वागणं कमी होतं, पण कुठलं वागणं कमी होईल हे देणाऱ्याच्या हातात नसतं.

मी म्हटलं, "शेवटची ओळ स्लाइडवर आहे का?"

"न्हाय," ती म्हणाली. तिनं त्या ओळीपुढं कंस करून लिहिलं, ही ओळ माझी, सरांची नव्हे. आणि पानाच्या तळाशी, आधीचं पान चुकीचं होतं, ते फाडा.

ग्रुपवर टाकलं. अंगठे आले, पण थोडे. कुणीतरी लिहिलं, "आक्का, चालतंय ओ, मार्क तर गेलेच." सौम्याचं काही नाही.

तिचं पानं काढणं थांबलं नाही, पण बदललं. आता ती प्रत्येक पानाखाली ज्या ज्या फोटोंवरून लिहिलं ते सगळे जोडते. स्वतः तासाला नसेल तर वरच लिहिते, मी नव्हते, कुणी होतं त्यानं बघून सांगा. आधी पानं टाकायची घाई असायची, आता वाटाणे संपून माझी निवडलेली मेथी धुऊन होते तरी ती एका उदाहरणाशी बसलेली असते. "काढून काय घेतलं," असं पुटपुटते अधूनमधून. मी ऐकलं न ऐकलं करते.

मधे एकदा तिला अचानक पुन्हा निपाणीला जावं लागलं, आप्पाण्णांच्या दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनला. परत आल्यावर ती माझ्याकडं आली, फोन पुढं केला. सौम्यानं त्या दिवसाच्या तासाचे फोटो पाठवले होते. इतके दिवस ती पाठवत नव्हती. खाली एक ओळ होती, "आक्का, मधले दोन सारके दिसतील. दोन्ही मोठे करून बघा."

ब्राह्मी तिथंच, माझ्या ओट्याला टेकून, दोन्ही मोठे करून बघायला लागली. चेहरा तिनं माझ्याकडं वळवला नाही. मीही गॅस बारीक केला आणि बघू दिलं.